अर्धं बोट

बचत गटाच्या फोनवर पुण्याच्या एका ग्राहकाचा निरोप आला. गटाचा फोन सांभाळणाऱ्या पोरीनं तो जसाच्या तसा माझ्याकडे पाठवला. "हळद छान आहे. फक्त तुमच्या फोटोत बाईचं एक बोट अर्धंच आलंय. एआयचा घोळ दिसतोय, दुरुस्त करून घ्या." माणूस चांगला असावा. पैसे परत मागितले नव्हते, नावं ठेवली नव्हती, उलट आमचं भलं व्हावं म्हणून वेळ काढून लिहिलं होतं. पण तो निरोप माझ्या डोक्यातून जाईना. त्या चित्रातली पितळी वाटी, मागची मातीची भिंत, डावीकडून येणारं ऊन, खालचा काळा दगड हे सगळं कॉम्प्युटरनं काढलेलं होतं. पाकिटावरचं लेबल आणि तो हात, एवढंच खरं होतं. आणि त्याला खोटा वाटला तो हातच.

आमचा भाग वर्धा जिल्ह्यातला, समुद्रपूर तालुक्यातला. वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हापासून हळद विकणाऱ्याला पाकीट, लेबल, फोटो या गोष्टी टाळता येत नाहीत. गटातल्या बाया हळद शिजवतात, वाळवतात, दळून आणतात आणि पाकिटात भरतात. त्यांची खोली म्हणजे टिनाचं शेड. आत ट्यूबलाइट, त्यामुळे फोटोत हळद हिरवट येते. भिंतीवर मागच्या वर्षीचं कॅलेंडर, कोपऱ्यात पोत्यांची थप्पी. बाहेर उन्हात फोटो काढावा तर मार्चनंतर सावल्या इतक्या कडक पडतात की पाकिटाची निम्मी बाजू काळी येते. मी लग्नाचे अल्बम करतो, त्यासाठी घरी बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड असलेला कॉम्प्युटर आहे. त्यावर स्टेबल डिफ्युजन चालतं, म्हणजे वर्णन लिहिलं की चित्र काढून देणारं एआय मॉडेल. म्हणून काम माझ्याकडे आलं.

हवं होतं ते साधंच. काळ्या दगडावर पितळेची वाटी, वाटीत हळद, बाजूला उभं पाकीट, आणि चमच्यानं हळद घेणारा बाईचा हात. पण पहिल्या खेपेच्या चित्रांत एका हाताला सहा बोटं आली, दुसऱ्यात चमचा अंगठ्यातूनच उगवलेला निघाला. पाकिटावर मराठीसारखं काहीतरी उमटलं. शिरोरेषा होती, काने होते, एक वेलांटीही होती, पण वाचायला गेलं तर एकही अक्षर अक्षर नव्हतं. वाटीच्या काठावर, भिंतीच्या कोपऱ्यात, खालच्या कापडाच्या किनारीवरही तसलीच लिपी पसरलेली. गटाच्या अध्यक्ष काकूंना दाखवलं, तर त्यांनी मोबाइल डोळ्याजवळ नेला, लांब धरला, परत जवळ आणला.

"हे कोन्त्या देशातलं लिवलं हाय, बाबू? आपल्या गावचं नाव कुठी हाय याच्यात?"

या सगळ्यावर जो उपाय सगळीकडे फिरतो, तो म्हणजे निगेटिव्ह प्रॉम्प्टची यादी. काय हवं ते एका चौकटीत लिहायचं, काय नको ते दुसऱ्या. धंद्याचे फोटो करणारी पोरं ती दुसरी चौकट एकमेकांकडून जशीच्या तशी उचलतात. माझ्याकडे आलेली साधारण अशी होती:

```
extra fingers, missing fingers, fused fingers,
mutated hands, bad anatomy, deformed, ugly, old,
wrinkles, dirty, oversaturated, text, logo,
watermark, signature, worst quality, lowres, blurry
```

ही यादी वाचून वाटतं की मॉडेल आधी चित्र काढतं आणि मग यातली एकेक गोष्ट शोधून पुसतं. तसं काही होत नाही, आणि पुढचा सगळा गोंधळ या समजातूनच होतो. मॉडेल नुसत्या गोंगाटापासून, म्हणजे विस्कटलेल्या रंगीत ठिपक्यांपासून सुरू करतं. तीसेक पायऱ्या असतात, आणि प्रत्येक पायरीवर ते अंदाज करतं की यातला किती भाग गोंगाट आहे. हा अंदाज ते दोनदा करतं. एकदा आपण लिहिलेलं वर्णन समोर ठेवून, एकदा काहीच न लिहिलेली चौकट समोर ठेवून. मग दोन्हींतला फरक घेऊन तो काही पटींनी वाढवतं आणि चित्राला त्या दिशेनं ढकलतं. आपण निगेटिव्ह यादी लिहिली की त्या रिकाम्या चौकटीच्या जागी ती यादी जाऊन बसते. वर्णनावरून केलेला अंदाज `pos`, यादीवरून केलेला `neg`, आणि फरक किती पटींनी वाढवायचा तो आकडा `cfg`. हिशोब एवढाच:

```
noise = neg + cfg * (pos - neg)
```

म्हणजे यादी चित्राला एका दिशेपासून दूर हाकते. बैलाला उभ्या पिकापासून दूर वळवावं तसं आहे हे. पीक जागच्या जागी राहतं, बैल फक्त दुसरीकडे जातो, आणि कुठे जातो हे त्या बाजूला काय मोकळं आहे त्यावर ठरतं. हे वळवणं संपूर्ण चित्राला लागू होतं. 'भिंतीवर अक्षरं नकोत, पाकिटावर चालतील' असं त्या चौकटीत सांगायची सोय नाही.

या हिशोबातून आणखी एक गोष्ट कळते. `cfg` ची किंमत १ ठेवली तर `neg` एकदा बेरजेत आणि एकदा वजाबाकीत येऊन कटतं, उरतं ते फक्त `pos`. चार-आठ पायऱ्यांत चित्र देणारी जी झटपट मॉडेलं आहेत, टर्बो किंवा लाइटनिंग नावाची, ती बहुतेक वेळा १ वर किंवा त्याच्या आसपासच चालवतात. हिंगणघाटचा एक मित्र मिठाईच्या डब्यांचे फोटो तसल्या मॉडेलवर करत होता आणि यादीत रोज दोन शब्द वाढवत होता. त्याला मी एवढंच करायला सांगितलं की सीडचा आकडा, म्हणजे सुरुवातीचा गोंगाट ठरवणारा आकडा, तोच ठेव, बाकी काही हलवू नकोस, एकदा यादीसकट चित्र काढ आणि एकदा यादी पुसून. दोन्ही चित्रं अगदी सारखी आली, मिठाईवरचा वर्खाचा तुकडासुद्धा त्याच जागी. त्याची यादी मशीन वाचतच नव्हतं. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे, आणि कुठल्याही नव्या मॉडेलवर मी सगळ्यांत आधी हीच करतो.

माझ्या मॉडेलवर `cfg` चा आकडा ७ होता, त्यामुळे यादी वाचली जात होती. प्रश्न होता की कुठला शब्द काय करतो. सीड पक्का केला, पूर्ण यादीचं चित्र काढलं, मग एकेक शब्द काढत गेलो. रात्री लाइट टिकते तेव्हाचंच हे काम. दिवसा मध्येच गेली की तीसपैकी बाविसाव्या पायरीवरचं चित्र हवेत विरून जातं.

बोटांचे शब्द काढले आणि मी थांबलो, कारण फारसं काही बदललंच नाही. सहा बोटांच्या हाताला सहाच राहिली, बरा आलेला हात बराच राहिला. विचार केला तर कारण सरळ आहे. ही मॉडेलं इंटरनेटवरच्या फोटोंवर आणि त्यांच्याखाली लिहिलेल्या ओळींवर शिकली. 'चमचा धरलेली बाई' असं कुणी लिहितं, पण 'या फोटोत एक बोट जास्त आहे' असं कोण लिहील? तसे फोटोही क्वचितच असतात. मॉडेलनं जे फारसं पाहिलेलंच नाही त्यापासून त्याला नीट दूर हाकता येत नाही. त्यातल्या त्यात त्याला `hands` कळतं, म्हणून हातांच्या शब्दांना कंस आणि आकडे लावून फार जोर दिला तर ते हातच टाळायला लागतं. एका चित्रात हात वाटीमागे गेला, एकात मनगटाशीच चित्राची कड आली. बोटं मोजायची वेळच आली नाही, पण आम्हाला तर हात हवा होता.

बोटं आणि अक्षरं दोन्ही एकाच जागी बिघडतात, हे मला उशिरा उमगलं. मॉडेल थेट चित्रावर काम करत नाही, चित्राच्या लहान केलेल्या रूपावर करतं. १०२४ गुणिले १०२४ चं चित्र आत १२८ गुणिले १२८ घरांचं असतं, म्हणजे चित्रातल्या आठ गुणिले आठ ठिपक्यांना एक घर. आता आमचं पाकीट चित्रात साडेतीनशे ठिपके उंच होतं. त्यावर वजन, किंमत आणि अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर. त्या नंबराचा एक आकडा जेमतेम सहा ठिपके उंच येतो. त्याला पूर्ण एक घरसुद्धा वाट्याला येत नाही. चमचा धरलेल्या हाताच्या एका बोटाची जाडी दोन-तीन घरांची. एवढ्या जागेत एका बोटाचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात वेगळी ठेवायची असते, आणि किती बोटं झाली हे मोजणारं तिथे कुणी नसतं. बारीक आकडा उमटायला जागाच नाही, तर यादीत कितीही शब्द घातले तरी तो उमटणार नाही.

मराठीचं दुखणं त्याहून वेगळं. आमच्या नावातली अक्षरं मोठी होती, चाळीस ठिपके तरी, तरीही ती बरोबर येत नव्हती. हे मॉडेल ज्या भागातून शब्द वाचतं, तो मुख्यतः इंग्रजी ओळींवर शिकलेला. देवनागरी दिली तर तो तिचे बारीक तुकडे करतो, ज्यांना त्याच्या लेखी फारसा अर्थ नसतो. कागदावरच्या अक्षरांचं रूप तेवढं त्यानं पाहिलेलं आहे, म्हणून शिरोरेषा येते, काने येतात. यादीत 'चुकीचं मराठी' असं मराठीत लिहून मी पाहिलं. त्याचा परिणाम एवढाच झाला की वाटी थोडी डावीकडे सरकली.

`text` या शब्दाला मात्र खरंच ताकद होती. `watermark` ला त्याहून जास्त. फोटो विकणाऱ्या साइट्सवरचे असंख्य फोटो नावाचा पांढुरका शिक्का घेऊनच या मॉडेलांच्या शिक्षणात गेले, त्यामुळे तो शिक्का म्हणजे काय हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. यादीत हे दोन शब्द ठेवले की भिंतीवरची, कोपऱ्यातली, कापडाच्या किनारीवरची भटकी अक्षरं जवळजवळ गेली. उरलेली कशानं गेली सांगू का? वर्णनातून `advertisement` हा शब्द काढल्यानं. जाहिरात म्हटलं की मॉडेलला अक्षरं आठवणारच. एका चौकटीत जाहिरात मागायची आणि दुसरीत अक्षरं नाकारायची, या ओढाताणीत चित्र चिघळतं. त्याऐवजी नुसतं 'दगडावर ठेवलेली वाटी, खिडकीचं ऊन' असं लिहिलं तेव्हा भिंत स्वच्छ झाली. वर्णनातच `no text` लिहिणारेही पुष्कळ आहेत. त्यानं उलटंच होतं, कारण मॉडेल नकाराकडे लक्ष देत नाही आणि `text` तेवढं ऐकतं.

पण `text` नं आणखी एक गोष्ट नेली. वाटीवरची नक्षी. आमच्याकडच्या पितळी भांड्यांवर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरलेलं असतं. माझ्या आईच्या लग्नातल्या कोपर नावाच्या भांड्यावर तिच्या वडिलांचं नाव आहे, घासून घासून आता बोटानंच वाचता येतं. पहिल्या चित्रांत वाटीच्या काठाखाली तसली एक ओळ आली होती. अक्षरं खोटी होती, पण भांडं आपल्या घरचं वाटत होतं. `text` चा जोर वाढवला तशी ती ओळ गेली, मग काठाची वेलबुट्टी गेली, आणि शेवटी कुठल्याही मॉलमध्ये मिळेल अशी गुळगुळीत वाटी उरली.

रंगाचंही तसंच झालं. वायगावची हळद फिकी पिवळी नसते. तिच्यात केशराकडे झुकणारा एक गडदपणा आहे, तिची ओळखच ती. यादीतल्या `oversaturated` नं तो गडदपणा खाल्ला होता. शब्द लिहिणाऱ्याला भडक चित्रं नको असतील, त्याचं बरोबरच असेल. पण तो शब्द काढला आणि वाटीत आमची हळद आली.

आणि मग `ugly`, `old`, `wrinkles`, `dirty`. हे चारही शब्द एकेक करून काढताना तो हात माझ्या डोळ्यांदेखत बदलत गेला. पूर्ण यादीच्या चित्रात हात होता पंचविशीतल्या पोरीचा, गोरा, नखांना हलकं पॉलिश, मनगट रिकामं. `dirty` काढला तशी नखांच्या कडेला पिवळी रेघ आली. `wrinkles` आणि `old` काढले तशा बोटांच्या पेरांवर घड्या आल्या, शिरा दिसायला लागल्या, कातडी सावळी झाली. यादीत कुणी रंगाचा शब्द लिहिला नव्हता. तरीही 'कुरूप नको, म्हातारं नको, मळकं नको' म्हटलं की मॉडेल त्याला ठाऊक असलेल्या दुसऱ्या टोकाला गेलं, आणि ते टोक गोरं, तरुण, काम न केलेलं होतं. हळद शिजवणाऱ्या बाईचा हात दाखवायचा, आणि हळदीनं पिवळी झालेली नखं मात्र नको असलेल्यांच्या यादीत. मला त्या रात्री फार वाईट वाटलं. यादी लिहिणाऱ्याचा राग आला असं नाही, त्यानं आमच्या बाया पाहिलेल्या नसणार. पण असे चार शब्द कितीतरी लोक रोज न वाचता चिकटवत असतील, आणि कितीतरी पाकिटांवरचे हात एकसारखे होत असतील.

सकाळी शेडवर गेलो आणि काकूंना म्हटलं, हात तुमचाच घेऊ.

"माह्या हात?" त्यांनी पदराला हात पुसले. "मायं बोट पाह्यलं ना तू?"

पाहिलं होतं, सगळ्या गावानं पाहिलेलं आहे. त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी पहिल्या पेरावरून गेली आहे, कडबा कुट्टीच्या यंत्रात. आमच्या भागात अशी बोटं पुष्कळ सापडतील. यंत्रावर हिरवा चारा सारताना हात रोळ्यांजवळ जातो, आणि पात्याला ओलं-वाळलं कळत नाही. काकू त्या बोटाबद्दल कधी बोलत नाहीत. चमचा त्या अंगठा आणि मधल्या बोटात धरतात, तर्जनीचं थोटूक वरून नुसतं टेकवतात. बाकी बायांपेक्षा त्यांचीच मापं बिनचूक असतात. मला माझी यादी आठवली. तिच्यातला दुसराच शब्द होता `missing fingers`.

"दुसऱ्या कोनाचा घे ना," शेजारच्या मावशी म्हणाल्या, "तिले काऊन त्रास देतं?"

काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग पाट घेऊन दाराजवळ बसल्या. "काढ. हळद म्या भरतो तं हात कोनाचा पाह्यजे?"

चित्रातलं ऊन डावीकडून होतं, म्हणून त्यांना दाराच्या उजव्या बाजूला बसवलं. सकाळी नऊच्या सुमारास तिथे ऊन थेट न येता अंगणातून परतून येतं, सावलीच्या कडा मऊ राहतात. मोबाइल वाटीच्या काठापेक्षा थोडा वर धरला, कारण चित्रातला कॅमेराही तिथेच होता. हाताच्या फोटोचं सगळं गणित एवढंच असतं. उजेडाची बाजू आणि नजरेची उंची जुळली की हात चित्रात बसतो. नाही जुळली तर कितीही सफाईनं कापला तरी तो वरून चिकटवलेलाच दिसतो. मागे पांढरा कागद लावला होता, म्हणून हात कापणं सोपं गेलं. काचेच्या बांगड्यांमधली फट तेवढी हातानं सोडवावी लागली. लग्नाच्या अल्बमात नवरीच्या बांगड्या सोडवून सोडवून हे काम अंगवळणी पडलेलं आहे.

पाकिटाचंही तेच केलं. मॉडेलकडून फक्त कोरं पाकीट मागितलं, आणि तेही `plain unprinted kraft pouch` अशा सरळ वर्णनानं. 'लेबल नसलेलं' असं लिहिलं की लेबल येतं. यादीत `text, logo, label` ठेवले. इथे त्यांची ताकद आपल्या बाजूनं होती, कारण आता चित्रात कुठेच अक्षर नको होतं. कोरं, थोडं फुगलेलं, वरच्या झिपपाशी सुरकुतलेलं पाकीट मिळालं. त्यावर छापखान्याला दिलेली लेबलची मूळ फाइल आणली, चारही कोपरे पाकिटाच्या तिरकसपणाला जुळवून ओढले आणि तो लेयर मल्टिप्लायवर टाकला, म्हणजे पाकिटाच्या घड्यांची सावली लेबलावरूनही दिसते. ही सावली नसली तर लेबल हवेत तरंगतं.

यानंतर एक मोह होतो. सगळं एकजीव दिसावं म्हणून पूर्ण चित्र परत एकदा मॉडेलमधून हलकेच फिरवून घ्यावं. मी ते हात आणि लेबल बसवण्याच्या आधीच करतो, नंतर नाही. कितीही हलकं फिरवलं तरी चित्र त्या आठ-आठच्या घरांतून जाऊन येतंच, आणि बारीक आकडे तिथे विरघळतात. ८ चा ० होतो, ३ चा ८ होतो, आणि लांबून सगळं ठीक दिसतं. चित्र मोठं करणाऱ्या साधनांचंही तसंच, काही तर नसलेले आकडे कल्पनेनं भरतात. परवान्याचा नंबर, निव्वळ वजन, चौकोनातला शाकाहाराचा हिरवा ठिपका, यांत चूक झाली तर ती नुसती चित्राची चूक राहत नाही, ग्राहकाला खोटी माहिती दिल्यासारखं होतं. म्हणून शेवटची फाइल शंभर टक्क्यांवर उघडून गटातली पोरगी नंबराचा एकेक आकडा मोठ्यानं वाचते आणि मी समोर परवान्याचा कागद धरून जुळवतो. नाव, वजन आणि ठिपकाही तसंच पाहतो. मगच फाइल पुढे जाते.

चित्र झाल्यावर पाहिलं तर यादीत उरलं होतं ते एवढंच:

```
watermark, signature, text, logo, label, border
```

शेवटचा शब्द कशासाठी, तर अधूनमधून चित्राभोवती पांढरी चौकट यायची म्हणून. बोटांचा एकही शब्द नाही, कारण मॉडेलला हात काढायलाच सांगितलं नव्हतं. वाटीची वेलबुट्टी परत आणण्यासाठी मी वर्णनात 'कोरीव पितळ' घातलं. ती आली, पण पूर्वीसारखी नाही, जरा भारी दुकानातल्यासारखी. आईच्या त्या पितळी कोपराचा फोटो काढून बसवायचा विचार होता. तिनं नको म्हटलं, आणि मी आग्रह केला नाही.

तर त्या चित्रावर पुण्याहून तो निरोप आला होता. गेल्या दोन-तीन वर्षांत लोकांनी चित्रातली बोटं मोजायला शिकून घेतलं आहे. ते शहाणपणाचंच आहे, त्यांना खोट्या चित्रांनी इतकं फसवलंय की मोजल्याशिवाय त्यांचं भागत नाही. पण या मोजण्यात पाच म्हणजे खरं आणि बाकी सगळं बिघाड असा एक हिशोब पक्का होत चाललाय, आणि तो हिशोब काकूंच्या हातावर लागतो तेव्हा मला कसंतरीच होतं. फोन सांभाळणाऱ्या पोरीनं सुचवलं की फोटोखाली एक ओळ टाकू, हा हात खरा आहे, अमुक बाईंचा आहे, यंत्रात बोट गेलं आहे. मलाही आधी ते बरं वाटलं. लोकांना कळेल, वर चार शब्द कौतुकाचेही येतील.

काकूंना विचारलं. त्या हळद चाळत होत्या, चाळणी थांबली नाही. "माह्या बोटाची कहानी हळदीच्या पाकिटावर कायले पाह्यजे? हळद इकाची हाय का बोट?"

ओळ टाकली नाही. त्या माणसाला पोरीनं कळवलं की हात खरा आहे, आमच्याच गटातला आहे, आणि हळद आवडली म्हणून आभार. त्यानं ताबडतोब माफी मागितली, दोन पाकिटं अजून मागवली. तरी मला वाटतं की दुसरा कुणी पाहील आणि निरोप न पाठवताच पुढे जाईल, मनात 'नकली' अशी नोंद करून. त्याला अडवायचा उपाय माझ्याकडे नाही. काकूंचं बोट कॉम्प्युटरवर पूर्ण करून देणं मला पाच मिनिटांचं काम आहे, मास्क टाकायचा आणि तेवढाच भाग नव्यानं काढून घ्यायचा. ते मी करणार नाही, आणि काकूंनीही कधी मागितलेलं नाही.

आता भिवापूरकडच्या एका गटाचं काम आलं आहे, लाल मिरचीच्या पुडीचं. त्यांनी सोबत आपल्या ओळखीच्या कुणाकडून मिळालेली निगेटिव्ह यादी पाठवली आहे, जवळजवळ पाऊण पान. मी ती बाजूला ठेवली आणि पहिलं चित्र रिकाम्या चौकटीनं काढलं. मिरचीचा रंग बरा आला, सुपाच्या कडेला दोन खोटी अक्षरं आली, वर डाव्या कोपऱ्यात पांढुरका शिक्का आला. तेव्हा दोन शब्द लिहिले, `watermark` आणि `text`. शिक्का गेला, अक्षरं गेली, पण सुपाची वीण सपाट झाली. मग `text` काढला, सुपाची ती एक कडच मास्क करून तेवढीच नव्यानं काढून घेतली, आणि वीण राहिली. हात कुणाचा घ्यायचा ते भिवापूरच्या बाया सोमवारी ठरवून सांगणार आहेत.